एका क्रमांकामागे किती डोळे?

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित असलेले गाव. अशा कोणत्याही गावात आज एखाद्या सेवा केंद्राच्या, खत-बियाण्यांच्या किंवा यंत्रदुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक क्रमांक ठळक अक्षरांत रंगविलेला असतो आणि त्याशेजारी ‘व्हॉट्सॲप करा’ अशी सूचना असते. गिऱ्हाईक त्या क्रमांकाकडे एक माणूस म्हणून पाहते. आपण मालकाला कळविले, मालकाने वाचले, मालकाने उत्तर दिले, अशी त्याची सरळ समजूत असते. ही समजूत आज बहुतेक ठिकाणी खोटी ठरते. एका क्रमांकामागे मालकाचा एक फोन आणि त्याला जोडलेली चार उपकरणे, म्हणजे पाच पडदे व त्यांपुढे बसणारी पाच-सात माणसे असू शकतात. आणि त्यांपैकी प्रत्येकाला सर्व काही दिसते. या साध्या वस्तुस्थितीचा विचार न मालक करतो, न गिऱ्हाईक, न ती सोय पुरविणारी कंपनी. त्याची किंमत मात्र दोघांनाच मोजावी लागते: ज्याचा कागद आहे त्या शेतकऱ्याला, आणि ज्याच्या हातात तो कागद पडतो त्या नोकराला.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ, कारण तिचा तपशील नीट न समजल्यामुळेच बहुतेक गैरसमज पोसले जातात. छोट्या व्यावसायिकांसाठीचे ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे विनामूल्य ॲप २०१८ च्या जानेवारीत निघाले. त्या काळी संगणकावर उघडलेले व्हॉट्सॲप हे फोनचे केवळ प्रतिबिंब होते. फोन बंद पडला की संगणकही मुका होई. २०२१ मध्ये कंपनीने ही रचना बदलण्यास सुरुवात केली. जोडलेले प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे चालू लागले, आणि २०२३ च्या एप्रिलपासून संगणकाबरोबरच दुसरा फोनही जोडता येऊ लागला. विनामूल्य ॲपमध्ये मूळ फोनाशिवाय अशी चार उपकरणे जोडता येतात. जोडण्याची कृती अर्ध्या मिनिटाची आहे. मूळ फोनावर `Linked devices` उघडायचे, `Link a device` दाबायचे, फोनाचे कुलूप बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडायचे आणि दुसऱ्या पडद्यावर दिसणारी चौकोनी खूण टिपायची. खूण टिपणे शक्य नसेल तर आठ अक्षरांचा संकेतही चालतो. ज्या सहजतेने दुकानाच्या शटरची दुसरी किल्ली करून घ्यावी, तितकीच ही सहजता.

आता पुढे काय घडते ते पाहा. उपकरण जोडले जाताच मूळ फोन त्याच्याकडे अलीकडच्या संभाषणांची प्रत पाठवितो. म्हणजे आज सकाळी कामावर आलेल्या मुलाला केवळ आजपासूनचे निरोप दिसत नाहीत. त्याच्या येण्यापूर्वी लोकांनी मालकाला जे लिहिले तेही त्याच्या पडद्यावर उतरते. येथून पुढे येणारा प्रत्येक निरोप पाचही उपकरणांवर एकाच वेळी पोहोचतो. अमुक नोकराने फक्त खताच्या मागण्या पाहाव्यात, तमुकीने फक्त अर्जांचे काम पाहावे, अशी विभागणी करण्याची तरतूद या साध्या जोडणीत नाही. संभाषणे एकतर सगळी दिसतात, नाहीतर उपकरण जोडलेलेच नसते. मालकाने दुकानासाठी स्वतःचा घरचाच क्रमांक वापरला असेल, आणि खेड्यात बहुधा तसेच असते, तर भावकीचे गट, सोयरिकीची बोलणी आणि सावकाराशी झालेली घासाघीससुद्धा गल्ल्यावरील पोराच्या पडद्यावर येते.

जोडलेल्या उपकरणाला काही गोष्टी करता येत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याला आणखी एखादे उपकरण जोडता येत नाही. ते काम मूळ फोनाचेच. क्रमांक बदलणे किंवा खाते मोडणे हेही मूळ फोनावरूनच होते. मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरलाच नाही, तर सर्व जोडण्या आपोआप तुटतात. थोडक्यात, मालकी मूळ फोनाकडे राहते आणि दृष्टी सर्वांकडे जाते. मालकीचे संरक्षण करण्याची काळजी रचनाकारांनी घेतली, परंतु ज्याचे निरोप आहेत त्या गिऱ्हाइकाच्या संरक्षणाचा विचार या विभागणीत कोठेच नाही. या रचनेत कोणाचे हित मध्यवर्ती धरले गेले, हे यावरूनच उघड होते.

या अमूर्त चित्रात माणसे घालून पाहिली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. सोनारीत एक सेवा केंद्र आहे अशी कल्पना करू. केंद्र काल्पनिक, परंतु त्यातील व्यवहार आपल्या प्रत्येक वाचकाच्या परिचयाचे आहेत. मालक एक, दोन संगणक, त्यांवर बसणारी एक पदवीधर मुलगी आणि एक मुलगा, गावोगाव फिरून कागद गोळा करणारा एक तरुण आणि त्याचा स्वतःचा फोन. मालकाच्या फोनाला दोन संगणक आणि त्या तरुणाचा फोन जोडलेला आहे. मंगळवारी दुपारी एक कोरडवाहू शेतकरी पीकविम्याच्या अर्जासाठी आधारपत्र, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि सातबारा यांची छायाचित्रे पाठवितो. त्याच्या पत्नीच्या नावाने ‘लाडकी बहीण’ योजनेची काही दुरुस्ती करावयाची असते, म्हणून तिचेही आधारपत्र आणि पासबुक तो त्याच संभाषणात टाकतो. काही वेळाने बँकेकडून त्याच्या फोनावर एक सांकेतिक आकडा येतो. केंद्रातून विचारणा होताच तोही तो लिहून पाठवितो. पाच मिनिटांच्या आत एका कुटुंबाची ओळख, जमीन, बँकेचे खाते आणि त्या खात्याची तात्पुरती किल्ली चार पडद्यांवर पसरलेली असते.

या ठिकाणी पहिला बिघाड होतो आणि तो चोरीचा नसून गोंधळाचा असतो. निरोप प्रथम फिरतीवरच्या तरुणाने मोटारसायकल थांबवून उघडून पाहिला. उघडताच शेतकऱ्याच्या फोनावर दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि त्याच क्षणी इतर सर्व उपकरणांवरील ‘न वाचलेला’ ही खूण नाहीशी झाली. तरुणाला वाटले, केंद्रातली मुलगी अर्ज भरील. मुलीला तो निरोप नव्याने आल्याचे दिसलेच नाही, कारण तिच्या पडद्यावर तो वाचून झालेला होता. मालक तर दिवसभर परंड्यात. निळ्या खुणा पाहून शेतकरी निश्चिंत झाला आणि अर्जाची मुदत टळून गेली. चार माणसांची जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते, हे जुने सत्य येथे यंत्रानेच घडवून आणले. असे घडते आहे हे ओळखण्याची खूणही सोपी आहे: गिऱ्हाईक ‘तुम्ही वाचले होते’ म्हणते आणि केंद्रातील प्रत्येकजण शपथेवर ‘मी पाहिलेच नाही’ म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात.

दुसरा बिघाड याहून गंभीर आहे. समजा, काही आठवड्यांनी त्या शेतकऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली. तो केंद्रात येऊन जाब विचारतो. मालक काय करील? तो फोन उघडून संभाषण पाहील. त्यात केंद्राकडून गेलेले सर्व निरोप एकाच नावाने आणि एकाच रंगात आहेत. ‘आकडा पाठवा’ असे कोणत्या उपकरणावरून लिहिले गेले, हे साध्या ॲपमधील संभाषणात कोठेही लिहिलेले नसते. शेतकऱ्याच्या फोनावर तर केवळ दुकानाचे नाव आहे. कोणी छायाचित्र उघडले, कोणी ते उतरवून घेतले, याची नोंद कोणाजवळच नाही. `Linked devices` या पानावर उपकरणांची यादी आणि प्रत्येकाचे शेवटचे काम केव्हा झाले एवढे दिसते. त्याने काय पाहिले ते दिसत नाही. शिवाय एका उपकरणावर निरोप पुसला की तो इतरांवरूनही पुसला जातो. म्हणजे दोषी माणूस पुरावा नष्ट करू शकतो आणि निर्दोष माणूस आपले निर्दोषत्व सिद्ध करू शकत नाही.

अशा वेळी संशय कोणावर जातो, हे कामगार चळवळीत वावरलेल्यांना सांगावयास नको. तो मालकाच्या पुतण्यावर जात नाही. तो सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या, लेखी नेमणूक नसलेल्या मुलावर किंवा मुलीवर जातो. तिचा पगार अडविला जातो, पोलिसांत देण्याची धमकी दिली जाते आणि एका छोट्या गावात तिचे नाव कायमचे खराब होते. सर्वांना सर्व काही दाखविणारी ही रचना नोकरावर विश्वास टाकते असे वरकरणी भासते. प्रत्यक्षात ती त्याला कायमचा संशयित करून ठेवते. ज्या कपाटाच्या किल्ल्या पाचजणांजवळ आहेत आणि ज्याची नोंदवही नाही, त्या कपाटाचा कारकून व्हावयास कोणताही शहाणा कामगार तयार होणार नाही. आपल्या मुलामुलींना मात्र दररोज त्या खुर्चीवर बसविले जात आहे.

यावर तीन उत्तरे हमखास दिली जातात. ती तपासून घेणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर असे की, हे निरोप तर संपूर्ण गुप्त असतात. पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, कंपनीलासुद्धा, ते वाचता येत नाहीत. हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे आहे आणि व्यवहारात दिशाभूल करणारे आहे. प्रत्येक जोडलेल्या उपकरणाला स्वतःची वेगळी गुप्त किल्ली असते. शेतकऱ्याचा फोन एकच निरोप प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्रपणे कुलूपबंद करून पाठवितो. केंद्राची चार उपकरणे असतील तर केंद्राकडे चार बंद पाकिटे जातात. वाटेत ती कोणी फोडू शकत नाही, हे खरेच. परंतु चार पाकिटे चार हातांत पडतात आणि तेथे ती उघडली जातात. गुप्तता टोकापासून टोकापर्यंत आहे असे सांगणाऱ्याने दुसऱ्या बाजूची टोके किती हेही सांगावयास हवे. शेतकऱ्याच्या पडद्यावर हा आकडा येत नाही. हे एक व्यावसायिक खाते आहे एवढे त्याला कळते. त्यामागे किती माणसे बसली आहेत हे कळत नाही. कुलूप भक्कम असल्याची जाहिरात करावी आणि किल्ल्या किती वाटल्या ते सांगू नये, ही व्यापारी युक्ती जुनीच आहे.

दुसरे उत्तर मालकांचे असते: आमच्याकडची माणसे घरच्यासारखी आहेत, त्यांच्यापासून काय लपवायचे? या प्रेमळ वाक्यात एक मोठी लबाडी दडलेली आहे. जे लपवायचे किंवा दाखवायचे आहे ते मालकाचे नव्हेच. आधारपत्र शेतकऱ्याचे आहे, पासबुक त्याच्या पत्नीचे आहे, जातीचा दाखला कोणा विद्यार्थिनीचा आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर आपले औदार्य दाखविण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला? शिवाय खेड्यात माहिती ही निरुपद्रवी नसते. कोणाच्या सातबारावर किती बोजा आहे, कोणाच्या मुलीने कोणत्या आजारासाठी मदतीचा अर्ज केला, कोणती परित्यक्ता निराधार योजनेसाठी कागद जमवीत आहे, हे ज्याला अगोदर कळते त्याच्या हाती सत्ता येते. आजवर ही सत्ता वाड्यात आणि सोसायटीच्या कचेरीत होती. ती आता फोनाच्या पडद्यावरही बसली आहे आणि ‘घरच्यासारखी माणसे’ या शब्दांनी तिला सभ्य वेश चढविला जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तो हक्क दिल्लीतील वकिलाचा जेवढा, तेवढाच परंड्यातील खातेदाराचा आहे.

तिसरे उत्तर अधिक जाणकारांचे आहे. ते म्हणतात, ज्याला विभागणी हवी त्याने कंपनीची मोठ्या व्यवसायांसाठीची व्यवस्था घ्यावी. ही व्यवस्था आहे, हे खरे. तीत निरोप एका वेगळ्या सामाईक टपालपेटीत येतात, प्रत्येक नोकर स्वतःच्या नावाने व परवलीच्या शब्दाने आत शिरतो, आणि ती टपालपेटी पुरविणारा ज्या सोयी देईल त्यांनुसार कोणाला कोणते संभाषण दिसावे हे ठरविता येते. कोणी काय उत्तर दिले याची नोंदही राहू शकते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य मुळीच नाही. मग ते छोट्यांच्या ॲपमध्ये का नाही? साध्या ॲपमध्येही वर्गणी भरल्यास जोडावयाच्या उपकरणांची संख्या वाढते. पाहणारे डोळे वाढविण्याची सोय विक्रीला आहे, परंतु चार उपकरणांपैकी प्रत्येकाला किती दिसावे ते ठरविण्याचे साधे बटण विनामूल्य ग्राहकाला नाही. शहरातील बँक आपल्या ग्राहकाची संभाषणे विभागून ठेवू शकते आणि सोनारीचे केंद्र ठेवू शकत नाही, याचे कारण तंत्रज्ञानात नसून दरपत्रकात आहे.

आणि या महागड्या मार्गाचीही एक दुसरी बाजू आहे. टपालपेटी तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर असते, त्यामुळे निरोप तेथे उघड्या स्वरूपात पोहोचतात आणि साठतात. पाहणाऱ्या नोकरांची संख्या कमी झाली, तरी पाहू शकणारी एक नवी कंपनी वाढली. गिऱ्हाइकाने शेवटचा निरोप पाठविल्यानंतर चोवीस तास उलटले की त्याला मनाजोगे उत्तर लिहिता येत नाही. कंपनीने मंजूर केलेला ठराविक साच्याचा मजकूर पाठवावा लागतो आणि तो बहुधा पैसे मोजून. महिन्याला दोन-तीनशे अर्ज भरणाऱ्या केंद्राला हे झेपणारे नाही, आणि झेपले तरी त्याने खाजगीपणाचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. म्हणून ‘पैसे भरा आणि सुरक्षित व्हा’ हा उपदेश आपण स्वीकारता कामा नये.

सरकारचे काय? दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी निरोप पाठविणाऱ्या ॲपच्या कंपन्यांना एक आदेश दिला. ज्या सिमकार्डावर खाते उघडले ते सिम उपकरणात असल्याशिवाय ॲप चालू नये, आणि संगणकावरील जोडणी जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप तुटून ती पुन्हा खूण टिपून जोडावी लागावी, असा त्याचा आशय होता. अंमलबजावणीसाठी नव्वद दिवसांची मुदत सांगितली होती. परदेशात बसून भारतीय क्रमांकांवरून लुबाडणूक करणाऱ्या टोळ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू सांगण्यात आला. हेतूविषयी वाद नाही. कामावरून गेलेल्या नोकराच्या संगणकावर उघडी राहिलेली जोडणी अशा नियमाने निदान सहा तासांत बंद पडेल, हा त्याचा लाभही मान्य केला पाहिजे. परंतु आदेशाची दृष्टी पाहा. जोडणी किती वेळ टिकावी याचा विचार तीत आहे; त्या वेळात कोणी काय पाहावे याचा विचार नाही. सहा तास ही पासबुकाचे छायाचित्र उतरवून घेण्यास अपुरी मुदत नव्हे. त्याला सहा सेकंद पुरतात. उलट दर सहा तासांनी खूण टिपावयाची तर मूळ फोन दुकानातच टेबलावर ठेवावा लागेल, त्याच्या कुलुपाचे आकडे नोकरांना सांगावे लागतील, आणि जी एक गोष्ट आजवर मालकाजवळ सुरक्षित होती तीही सर्वांच्या हाती जाईल. छोट्या दुकानातील कामाची रीत न पाहता कचेरीत बसून नियम केले म्हणजे असे होते.

अधिक उपयोगाचा आहे तो २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी तेथून अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. दुसऱ्याची माहिती जो कामासाठी घेतो त्याने ती वाजवी काळजीने सांभाळावी आणि काम संपल्यावर, दुसरा कायदा ती ठेवण्यास सांगत नसेल तर, पुसून टाकावी, असे हा कायदा सांगतो. संरक्षणात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु ज्याला चारच उपकरणे आणि सर्वांना सर्व दिसणारी एकच रीत उपलब्ध आहे, त्या केंद्रचालकाने ही काळजी घ्यावी कशी, याचे उत्तर कायदा देत नाही. सदोष कपाट विकणाऱ्याला सोडून ते विकत घेणाऱ्याला जबाबदार धरणे हा न्याय होऊ शकत नाही. म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे: ज्या कंपनीच्या ॲपवर देशातील छोटा व्यवहार चालतो, तिने प्रत्येक जोडलेल्या उपकरणाला किती दिसावे हे ठरविण्याची, कोणत्या उपकरणावरून उत्तर गेले याची नोंद ठेवण्याची, आणि या क्रमांकामागे किती उपकरणे आहेत हे गिऱ्हाइकाला दाखविण्याची सोय विनामूल्य दिली पाहिजे. या तिन्ही गोष्टी सरकारला नियमाने सक्तीच्या करता येतील. सहा तासांचा आदेश काढणाऱ्यांना हे करणे अवघड नाही.

तोवर हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. आपले अनेक कार्यकर्ते स्वतः अशी केंद्रे चालवितात, युनियनच्या आणि मदतकार्याच्या क्रमांकांवर बसतात, लोकांचे कागद गोळा करतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही.

दुकानाचा क्रमांक घरच्या क्रमांकाहून वेगळा असावा. उपकरणे जोडावयाची ती दुकानाच्या मालकीचीच असावीत. नोकराचा स्वतःचा फोन कधीही जोडू नये. त्यात गिऱ्हाइकाचे हित आहेच, परंतु नोकराचेही आहे. ज्याच्या खिशात दुकानाचा क्रमांक आहे त्याचा कामाचा दिवस कधीच संपत नाही. रात्री दहा वाजता आलेल्या निरोपाला उत्तर देणे ही बिनपगारी पाळी होते. फिरतीच्या माणसाला फोन हवाच असेल तर तो दुकानाने द्यावा आणि संध्याकाळी परत घ्यावा.

एका वेळी निरोप उघडण्याचे काम एकाचेच असावे. सकाळच्या पाळीत कोण आणि दुपारी कोण हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. ॲपमध्ये संभाषणांना लेबल लावता येते. प्रत्येक नोकराच्या नावाचे एक लेबल करावे आणि ज्याने काम हाती घेतले त्याने ते ताबडतोब लावावे. उघडले पण काम हाती घेतले नाही, तर संभाषण पुन्हा ‘न वाचलेले’ म्हणून ठेवावे. उत्तराच्या शेवटी उत्तर देणाऱ्याने आपले नाव लिहावे. हे नाव लिहिण्यास मालक खळखळ करतात, कारण नाव आले की नोकर दिसू लागतो. नेमके त्यासाठीच ते लिहिले पाहिजे. आपण कोणाशी बोलतो आहोत हे शेतकऱ्याला कळते आणि आपण काय लिहिले याची साक्ष नोकराजवळ राहते. मंगळवारच्या त्या प्रसंगात एवढे केले असते तर अर्जाची मुदत टळली नसती आणि मुलीवर संशयही आला नसता.

कागदांविषयी नियम कडक हवा. अर्ज भरून पावती दिली की त्या दिवशीच छायाचित्रे संभाषणातून पुसावीत. एका ठिकाणी पुसली की इतर उपकरणांवरूनही ती जातात. परंतु फोनाच्या छायाचित्र-संग्रहात आणि संगणकाच्या साठ्यात उतरलेल्या प्रती अशा जात नाहीत. त्या वेगळ्या शोधून पुसाव्या लागतात. फोनावर संभाषणांच्या रचनेतील `Media visibility` बंद ठेवल्यास पुढे येणारी छायाचित्रे संग्रहात दिसत नाहीत. शेवटचे चार आकडेच दाखविणारे आधारपत्र जेथे चालते तेथे तेच मागावे. आणि बँकेचा सांकेतिक आकडा निरोपातून कधीही मागू नये. गिऱ्हाईक समोर असेल तेव्हाच ते काम करावे, नसेल तर थांबावे. हा एक नियम पाळला तरी बरीचशी फसवणूक दारातच अडेल.

शेवटी, दर सोमवारी दुकान उघडताना `Linked devices` उघडून यादी मोठ्याने वाचावी. यादीतील प्रत्येक उपकरण समोर दाखविता आले पाहिजे. जे दाखविता येत नाही त्यावर बोट ठेवून ते तत्काळ तोडावे. बाहेरच्या कोणी पाठविलेला आठ अक्षरांचा संकेत आपल्या फोनात कधी घालू नये, कारण ठगांना आपल्या क्रमांकात शिरण्याचा तो सोपा दरवाजा आहे. नोकर काम सोडून जातो त्या दिवशी, त्याचा हिशोब चुकता करतानाच, त्याच्या देखत त्याने वापरलेल्या उपकरणाची जोडणी तोडावी आणि तारीख लिहून दोघांनी सही करावी. मालकाला हा अविश्वास वाटेल. प्रत्यक्षात ही त्या नोकराची मुक्तता आहे: या तारखेनंतर जे घडेल त्याच्याशी माझा संबंध नाही, असे त्याला कोठेही सांगता येईल.

हे सर्व करूनही मूळ दोष उरतो, कारण तो रचनेत आहे. ज्याला कमी दाखवावयास हवे त्याला सर्व दाखविणे, आणि ज्याला सांगावयास हवे त्या गिऱ्हाइकाला काहीच न सांगणे, ही त्या रचनेची दोन अंगे आहेत. लोकांचे कागद ज्यांच्या हातून जातात, त्या कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या कचेरीतील क्रमांकापासून सुरुवात करावी आणि कचेरीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, त्याने न विचारता, सांगावे की या क्रमांकामागे आम्ही इतकी माणसे आहोत आणि आमची नावे अशी आहेत. जे आपण स्वतः सांगू, तेच कंपनीकडून आणि सरकारकडून मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.